कुत्रा गरीब आहे, तरी मांजर माळ्यावरून उतरत नाही: गाडी अडते कुठे आणि सोडवायची कशी

"आमचा कुत्रा एकदम गरीब आहे हो, कुणाला काही करत नाही. तरी नवीन मांजर त्याला बघितलं की पळते ती थेट माळ्यावर. दोन दिवस उतरत नाही. उतरली की परत तेच." ही तक्रार मी वडगाव-शहापुरातल्या चार घरांत तरी ऐकली आहे, आणि गेल्या पावसाळ्यात आमच्याच घरी तिला तोंड दिलं. दार बंद ठेवून झालं, वास ओळखीचा करून झाला, जाळीतून भेट झाली, सगळं व्यवस्थित पार पडलं. मात्र जाळी उघडली की पाच सेकंदांत सगळं पाण्यात. ज्यांची गाडी नेमकी इथेच अडते त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी घर सांगतो, कारण निम्मं कारण घरातच होतं. आमचं घर जुनं, कौलारू. पुढे सोपा, मग मधलं घर, मग स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि परसू. सगळ्या खोल्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकापाठोपाठ एक. मधल्या घरात शिडी, तिच्यावरून माळा. कुत्रा बंड्या, तीन वर्षांचा, लॅब्राडोरची भेसळ, वजन २६ किलो. गोकाकजवळच्या एका गावातून पिल्लू असताना आणलेला. येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर प्रेमाने झेप घेणारा. जूनमध्ये माझी आत्ती निपाणीहून कायमची आमच्याकडे राहायला आली आणि तिच्याबरोबर तिची ठकी आली. ठकी चार वर्षांची, पट्टेरी, तीन किलोची. तिने आजवर कुत्रा पाहिला होता तो फक्त कुंपणाच्या भिंतीवरून, खाली रस्त्यावरचा.

पहिल्यांदा आम्ही दुसऱ्याच दिवशी आत्तीच्या मांडीवर ठकीला धरून बंड्याला जवळ आणलं. हे कधीही करू नका. मांजराला धरून ठेवलं की तिची पळायची वाट आपणच बंद करतो, आणि घाबरलेलं मांजर मग ज्याच्या हातात आहे त्यालाच ओरबाडतं. आत्तीच्या मनगटावर तीन खोल ओरखडे आले. साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुतलं आणि डॉक्टरांकडे गेलो. ठकी दीड दिवस माळ्यावर. दुसऱ्यांदा आठवडाभर तिला मधल्या घरात वेगळं ठेवलं आणि एका संध्याकाळी दार उघडलं. तेच झालं. तिसऱ्यांदा सुताराकडून जाळीचं दार करून घेतलं, दहा-बारा दिवस जाळीतून रोज भेटी घडवल्या. ठकी टेबलावर बसून त्याच्याकडे बघत चिकन खायची, बंड्या अलीकडे लोळत पडायचा. आम्हाला वाटलं, जमलं. जाळी उघडली. ठकी टेबलावरून खाली उतरली, चार पावलं चालली, आणि बंड्या उठला. पुढचं सांगायला नकोच.

या वेळी माझी मुलगी मोबाईलवर शूटिंग करत होती. रात्री आम्ही ते सावकाश करून सात-आठ वेळा बघितलं, आणि तिथे कारण सापडलं.

आम्ही समजत होतो की ठकी पळाली म्हणून बंड्या धावला. शूटिंगमध्ये क्रम वेगळा होता. ठकी टेबलावर बसलेली असताना बंड्याचं तोंड उघडं, जीभ बाहेर, शेपूट सैल. ती खाली उतरली तसं त्याचं तोंड मिटलं. कान पुढे आले. शेपूट हलायची थांबली. ती चालायला लागली आणि त्याचा पुढचा एक पाय उचलला गेला. ठकी अजून पळाली नव्हती, नुसती चालत होती. तिने हे बघितलं, तिचे कान बाजूला वळले, पाठ खाली गेली. मग त्याने पुढचे पाय जमिनीला टेकवून ढुंगण वर केलं, कुत्रे खेळायला बोलावतात तसं, आणि भुंकला. तेव्हा ती पळाली आणि तो मागे.

म्हणजे जे दहा-बारा दिवस आम्ही तयारी म्हणत होतो, ती सगळी बसलेल्या मांजराची तयारी होती. चालणारं मांजर बंड्याने जाळीतून एकदाही शांतपणे बघितलं नव्हतं. कुत्र्याच्या लेखी या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. बसलेलं मांजर म्हणजे घरातली एक वस्तू. सरकणारं मांजर म्हणजे पाठलाग, आणि पाठलाग हा कुत्र्याच्या रक्तातच आहे. आपल्याकडे काही गावठी कुत्र्यांत मुधोळच्या शिकारी कुत्र्याचं रक्त असतं, त्यांच्यात तर हे फारच जोरात असतं, कारण मुधोळची जातच डोळ्यांनी हालचाल टिपून धावणारी. पण लॅब्राडोरही यातून सुटत नाही. बंड्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला खरोखर खेळायचं होतं. मात्र २६ किलोचा खेळातला पंजासुद्धा तीन किलोच्या मांजराच्या पाठीवर पडला तर मणका मोडू शकतो. आणि मांजराला खेळ आणि शिकार यातला फरक मागे वळून बघायला वेळ नसतो. म्हणून "गरीब आहे, काही करत नाही" या वाक्यावर भरवसा ठेवून दार उघडू नका. कुत्रा गरीब असणं आणि चालत्या मांजरासमोर त्याला शांत बसता येणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी त्याला शिकवावी लागते.

दुसरं कारण घराच्या बांधणीत होतं. एका रांगेतल्या खोल्यांत ठकीला शिडीपर्यंत जायचं तर मोकळ्या फरशीवरून, कुत्र्याच्या समोरून, सरळ रेषेत जावं लागे. मांजराला मोकळी जमीन ओलांडायची असली की ते चालत नाही, धावतं. धावलं की कुत्रा मागे. म्हणजे तिला न धावता वर जाता येईल अशी वाट करून देणं, हा कुत्र्याला शिकवण्याइतकाच मोठा भाग होता. नव्या बांधणीच्या फ्लॅटमध्ये माळा नसतो, तिथे तर वर जायची वाट मुद्दाम करावीच लागते.

मग पुन्हा पहिल्यापासून. पहिले टप्पे मी भराभर सांगतो, कारण ते बहुतेकांना माहीत असतात.

ठकीला मधल्या घरात दार लावून ठेवलं. आत पाणी, खाणं, एका बाजूला कापून दार केलेलं पुठ्ठ्याचं खोकं लपायला, आणि परसूतली सवय मोडू नये म्हणून पसरट ट्रेमध्ये वाळू. ट्रे आणि खाणं एकमेकांपासून शक्य तितकं लांब. मांजर नीट खातं, ट्रे वापरतं, निवांत बसून अंग चाटतं, हे तिन्ही दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. ठकीला या वेळी चार दिवस लागले. त्यानंतर वास. मांजराच्या गालापाशी वासाच्या ग्रंथी असतात, म्हणून ती दाराच्या चौकटीला, आपल्या पायाला गाल घासते. मऊ सुती फडकं तिच्या गालावरून हळूच फिरवायचं आणि ते बंड्याच्या गोणपाटाजवळ ठेवायचं, अंगावर चोळायचं नाही. बंड्याच्या अंगाखालची चिंधी तशीच तिच्या खोलीत. हुंगून दोघं आपल्या कामाला लागले की ठीक. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, आधी दारापासून सहा-सात फूट लांब आणि रोज थोडं थोडं जवळ. दाराला लागून दोघं निवांत खायला लागले की जाळीची वेळ आली असं समजायचं. ताटली सोडून मांजर लांब जाऊन बसलं तर तुम्ही घाई केली, ताटली परत मागे घ्या.

जाळीचं दार कसं केलं तेही सांगतो, कारण बाजारातलं लहान मुलांसाठीचं कमी उंचीचं फाटक मांजर सहज ओलांडतं. सुताराने दाराच्या चौकटीएवढी पूर्ण उंचीची लाकडी फ्रेम केली आणि तिच्यावर वेल्डमेश जाळी ठोकली. मच्छरदाणीची जाळी बसवू नका, कुत्रा एका पंजात फाडतो. जाळीवर वरून जुनं लुगडं सोडलं, पडद्यासारखं, म्हणजे हवं तेव्हा दोघांना एकमेकांपासून झाकता येतं.

आता जो टप्पा आमच्याकडून सुटला होता तो.

जाळीतून भेटीच्या आधी बंड्याला आम्ही एक गोष्ट पक्की शिकवली: गोणपाटाच्या घडीवर जाऊन बसणं आणि सांगेपर्यंत तिथेच राहणं. ठकी नसताना, रिकाम्या सोप्यात, आठवडाभर. इथे एक अडचण आली ती आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत असेल. बंड्या लहानपणी कन्नड घरात वाढलेला, त्याला "कुंद्रु" सगळ्यात पक्कं कळतं. मी म्हणायचो "बस", मुलगी म्हणायची "सिट", आत्ती ओरडायची "हाड्!". तीन माणसांचे तीन शब्द. त्यात "हाड्" ऐकलं की तो आणखी उसळायचा, कारण आवाजातला ताण त्याला कळतो आणि तो त्या ताणाचा संबंध मांजराशी जोडतो. घरात सगळ्यांनी बसून ठरवलं: बसायला "कुंद्रु", बाकी कुणी काहीही बोलायचं नाही. आत्तीला हे जड गेलं, पण तिने पाळलं. शब्द मराठी की कन्नड याला महत्त्व नाही, घरात तो एकच असला म्हणजे झालं.

मग जाळीचे धडे. बंड्याला गळ्याला पट्टा लावला नाही, छातीचा पट्टा लावला, त्याला सहा फुटांची दोरी. दोरी हाताला ताणून धरायची नाही. ताणलेली दोरी कुत्र्याला पुढे ओढायलाच शिकवते. दोरी सैल सोडून तिच्यावर पाय ठेवायचा, म्हणजे उसळला तरी पुढे जाता येत नाही आणि उसळला नाही तर ओढ जाणवत नाही. हातात उकडलेल्या चिकनचे शेंगदाण्याएवढे तुकडे, बिनमसाल्याचे. कांदा-लसूण दोघांनाही विषारी, त्यामुळे आमटीतलं किंवा रश्श्यातलं मटण चालत नाही.

बंड्याला जाळीपासून बारा फुटांवर बसवलं. आमचा सोपा तेवढाच लांब आहे. पलीकडे मुलगी सुतळीच्या टोकाला कापडाची गाठ बांधून ठकीला खेळवायला बसली, म्हणजे ठकी बसलेली नको, हलणारी हवी. ठकी गाठीमागे दोन पावलं सरकली की बंड्या बघायचा. बघू द्यायचं. त्याने तिच्याकडे बघितलं, आणि मग आपणहून मान वळवून माझ्याकडे बघितलं, की तुकडा. हाक मारून त्याचं लक्ष वळवायचं नाही, त्याचं त्याने वळवलं पाहिजे. पहिल्या दिवशी एकदा मान वळायला वीस-पंचवीस सेकंद लागायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी ठकी हलली की तो लगेच माझ्याकडे वळू लागला, जणू तिचं हलणं म्हणजेच चिकनची हाक.

बंड्या कुठल्या अवस्थेत आहे हे ओळखायला तुकडा हाच सगळ्यात सोपा मापदंड. कुत्रा आवडीचा तुकडाही घेत नसेल, किंवा हिसकावून बोटाला दात लागेल इतक्या जोरात घेत असेल, तर अंतर कमी पडतंय. दोन-तीन फूट मागे व्हा. मऊ ओठांनी घेतोय, तोंड सैल आहे, मधूनच कूस बदलतोय, तर ठीक चाललंय. असं लागोपाठ पाच वेळा झालं की पुढच्या धड्याला दोन फूट जवळ. एक धडा तीन मिनिटांचा, दिवसातून दोनदा. तीन मिनिटांत सगळं छान चाललं तरी थांबवायचं आणि लुगडं सोडायचं. "आता चांगलं चाललंय, अजून पाच मिनिटं" या मोहात दोनदा आमचं बिघडलं.

ठकीची बाजू बघायला आत्ती. तिला ठकीचं मुस्कट वाचता येतं. कान सपाट, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या काळ्या, शेपटीचं टोक फटके मारतंय, अशी दिसली की आत्ती लुगडं ओढायची. फिस्कारणं वाईट नाही, ते "लांब राहा" असं सांगणं आहे. त्याबद्दल तिला रागवायचं नाही, फक्त अंतर वाढवायचं. आणि ठकी खेळायलाच तयार नसेल तर तो धडा रद्द. घाबरलेलं मांजर गाठीमागे जात नाही. त्यामुळे ती खेळते की नाही, यावरून तिचं बरंवाईट आपोआप कळत होतं.

अकरा दिवसांत बारा फुटांवरून चार फुटांवर आलो. मध्ये एक फटका बसला. बंड्या जाळीपासून सहा फुटांवर असताना रात्री आठला करंट गेला आणि त्याच क्षणी वीज कडाडली. ठकी अंधारात उसळली, बंड्या जाळीवर जाऊन धडकला. फ्रेम पक्की होती म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी ठकी जाळीजवळ फिरकेना. आम्ही दोन दिवस भेट ठेवलीच नाही, नुसतं लुगडं सोडून दोन्ही बाजूंना जेवण दिलं, आणि मग परत दहा फुटांवरून सुरुवात केली. या वेळी चार फुटांवर यायला चारच दिवस लागले. मागे गेल्यामुळे आधीची मेहनत वाया जात नाही, पण बिघडल्यावर त्याच अंतरावर हट्टाने बसलात तर नक्की जाते. हाच नियम सणांना लावा. गणपतीत ढोल आणि फटाके सुरू असताना नवीन काही करायचं नाही, ते दिवस मांजर बंद खोलीतच बरं.

याच काळात वाट तयार केली. मधल्या घरातल्या कपाटाच्या माथ्यावरून भिंतीला नऊ इंच रुंदीच्या दोन फळ्या ठोकल्या, एक सोप्याच्या दारावरून जाते, दुसरी शिडीच्या तिसऱ्या पायरीला मिळते. फळ्यांवर गोणपाट चिकटवलं, पाय घसरू नये म्हणून. सोप्यातल्या उंच कोनाड्याखाली एक स्टूल. आता ठकीला जमिनीला पाय न लावता सोप्यातून माळ्यापर्यंत जाता येत होतं. तिला त्या वाटेची सवय बंड्या परसूत बांधलेला असताना, सुकट ठेवत ठेवत चार-पाच दिवसांत केली. वाट तिला पाठ झाल्याशिवाय जाळी उघडायची नाही असं ठरवलं होतं. घाबरलेलं मांजर नवी वाट शोधत नाही, पाठ असलेल्या वाटेनेच पळतं.

जाळी उघडायचा दिवस. सकाळी बंड्याला पाऊण तास फिरवून आणलं, खेळवून दमवलं नाही, फक्त हुंगत हुंगत चालवलं. फार खेळवलं तर कुत्रा शांत होण्याऐवजी पेटतो. दोघांचंही पोट अर्धं भरलेलं. बंड्या गोणपाटावर, दोरी माझ्या पायाखाली, जाळीपासून दहा फूट. चार फुटांवर येऊन पोचलेलो असलो तरी उघड्या दारासाठी अंतर परत वाढवायचं. बायकोने जाळी उघडली आणि बाजूला झाली. ठकीला कुणी बोलावलं नाही, उचलून आणलं नाही. सात-आठ मिनिटं ती उंबऱ्यापाशी बसून राहिली. मग कपाटावर चढली, फळीवरून चालत सोप्याच्या दारावर आली आणि तिथून खाली बघत बसली. बंड्या वर बघायचा, माझ्याकडे बघायचा, तुकडा खायचा. पहिली भेट एवढीच. ठकी परत गेल्यावर जाळी लावली.

पुढचे नऊ दिवस हेच. सहाव्या दिवशी ती पहिल्यांदा जमिनीवर उतरली आणि भिंतीच्या कडेने चालत गेली. मी बंड्याच्या तोंडाकडे बघत होतो. तोंड मिटलं, कान पुढे आले, तेच सगळं, आणि मग एक मोठा श्वास सोडून त्याने मान माझ्याकडे वळवली. मी त्याला एकामागून एक पाच तुकडे दिले. नवव्या दिवशी ती त्याच्याजवळ आली, शेपूट उभी, टोकाला किंचित वळलेली, आणि त्याच्या कानाशी हुंगली. तो हुंगायला वळला तेव्हा तिने पंजा मारला, नखं आत ठेवून. बंड्या मागे सरकला. आत्तीने आदल्या रविवारी नखांची टोकं कापली होती, नखं बाहेर आली असती आणि ती कापलेली नसती तर कुत्र्याच्या डोळ्याला धोका होता. पहिल्या नाकाला-नाक भेटीत दोन-तीन सेकंद मोजायचे आणि कुत्र्याला हाक मारून बाजूला घ्यायचं. लांबलेलं हुंगणं मांजराला सहन होत नाही.

त्यानंतर दोरी पायाखाली न ठेवता फरशीवर घसरत सोडली, तीन आठवडे. दोरी काढली ती ठकी त्याच्यासमोरून धावत गेली आणि तो जागचा हलला नाही, हे तीन वेगवेगळ्या दिवशी बघितल्यावरच.

आता काही गोष्टी, ज्या दिसल्या तर वरचं सगळं थांबवायचं.

कुत्रा भुंकत नाही, शेपूट हलवत नाही, तोंड मिटून, अंग ताठ करून, खाली वाकून एकटक बघतोय, अंग किंचित थरथरतंय, हाक ऐकू येत नाही, तुकडा समोर धरला तरी दिसत नाही, तर हा खेळ नव्हे. भुंकणारा, उड्या मारणारा कुत्रा परवडला. असं रोज होत असेल, किंवा कुत्र्याने आधी मांजर किंवा कोंबडी मारलेली असेल, तर फक्त जाळीच्या भरवशावर घरच्या घरी प्रयोग करू नका. कुत्र्यांच्या वागणुकीचं काम करणाऱ्या जाणकाराची किंवा पशुवैद्याची मदत घ्या, आणि काही जोड्या एका घरात कधीच मोकळ्या ठेवता येत नाहीत हेही मान्य करावं लागतं.

मांजराने पूर्ण एक दिवस काही खाल्लं नाही तर वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा. कुत्रा चार दिवस उपाशी राहिला तर अशक्त होतो. मांजर, त्यातही जाडं मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकतं. आणि बोका असेल व तो ट्रेमध्ये वारंवार बसतोय, कण्हतोय, पण लघवी होत नाही, तर त्याच तासाला निघा. ताणामुळे बोक्यांची लघवी अडते आणि एका दिवसात जिवावर बेतते.

चुकून झटापट झालीच तर मध्ये हात घालायचा नाही. मोठा पाट, सूप, उशी, जे हाताशी असेल ते दोघांच्या मध्ये धरायचं, किंवा मांजरावर जाड चादर टाकायची. त्यानंतर निदान दोन तास मांजराला उचलायला जाऊ नका, ते अजून तापलेलं असतं आणि समोर येईल त्याला चावतं. दोघांनाही रेबीजची लस आधीच दिलेली असावी. तरी चावा किंवा ओरखडा लागलाच तर आत्तीला केलं तसंच, साबण, वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, आणि दवाखाना.

आणखी एक, आपल्या भागात पावसाळ्यात गोचिड्या फार, म्हणून मुद्दाम सांगतो. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला मात्र ते विष आहे. ते औषध मांजराला तर लावायचं नाहीच, पण कुत्र्याला लावलेलं असेल आणि मांजर त्याच्या अंगाला अंग घासून बसत असेल, तरी मांजराला थरथर आणि आकडी येऊ शकते. दोघं नीट एकत्र राहायला लागली की हा धोका वाढतो, कारण आधी ती जवळच येत नव्हती. आम्ही बंड्याचं औषध बदलून घेतलं. डॉक्टरांकडे गोचिडीचं औषध मागताना "घरात मांजर आहे" हे वाक्य आधी बोला, आणि डबीवर घटक वाचा. लावलेलं असेल आणि मांजर थरथरायला लागलं तर उशीर न करता दवाखाना गाठा.

खाण्याचं एवढंच, की दोघांना एका ताटलीत घालू नका. ठकीची ताटली ओट्यावर, बंड्याची न्हाणीच्या दाराशी. दोघांनाही दूधभाकरी दिली तर कुत्रा निभावून नेतो, मांजराला मात्र मांस-मासळी लागतेच, त्यातला टॉरिन नावाचा घटक तिला बाहेरून मिळावा लागतो. तिची ट्रेसुद्धा बंड्या उकरून खायला जातो, म्हणून ती आता मधल्या घरात, ठकीपुरतीच फट राहील अशा साखळी लावलेल्या दारामागे आहे. ट्रेवर असताना कुत्र्याने दोनदा गाठलं की मांजर ट्रे सोडून कोपरा धरतं, आणि मग लोकांना वाटतं तिला वाईट सवय लागली.

जूनमध्ये सुरू केलेलं ऑक्टोबरच्या सुरुवातीला जमलं. त्यातला शेवटचा, बरोबर केलेला भाग साधारण दोन महिन्यांचा. ठकी आता सोप्यात बंड्याच्या गोणपाटापासून हातभर अंतरावर झोपते, अंगाला लागून नाही. आणि तिला तसंच आवडत असेल तर आमची काही हरकत नाही. तो दुपारी उन्हात पसरला की ती त्याच्या शेपटीला वळसा घालून जाते, चालत. रात्री आणि घरात कुणी नसताना मात्र जाळीचं दार लावलेलंच असतं. ते काढायचा सध्या विचार नाही. सुतार मागे विचारत होता, फ्रेम परत घेऊ का म्हणून. आत्ती म्हणाली, "राहू दे बाळा, तिच्यावर आता तिने नखं घासलीत, ती तिची झाली."